ओव्हर संपेपर्यंत

स्कोअरकाका कुणाच्याही दाराची कडी ओव्हर संपल्याशिवाय वाजवत नसत. आत रेडिओवर कॉमेंट्री चालू असली, की ते पिशवी पायाशी ठेवून बाहेर उभे राहत आणि अंगठ्याने बोटांच्या पेरांवर चेंडू मोजत. सहा झाले की कडी. नो-बॉल पडला तर एक चेंडू जास्त मोजायचा, हे त्यांना बोरिवलीच्या एका बस कंडक्टरने शिकवलं होतं, आणि तसा चेंडू पडला की ते दर वेळी मला सांगत, "कंडक्टरान सांगितलेला तसा झाला बघ." मी शेजारी छातीशी फाईल धरून घड्याळ बघत उभी. एका दाराला पंचवीस मिनिटं असा माझा हिशेब होता, आणि त्यातली चार अशी बाहेरच जायची.

त्यांचं नाव बाळकृष्ण नारकर. राहायला अंधेरीला, मूळचे कुडाळकडचे. धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. मशीन दुकानात आणायचं नाही, तेच घरोघर जायचे. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात पेचकस, पट्टे आणि तेलाची लहानशी बुधली. वय तेव्हा पंचावन्नच्या आसपास. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत त्यांना ओळखणारे लोक होते, पण नारकर हे नाव त्यातल्या फार थोड्यांना माहीत असावं.

आमची गाठ पडली ती सोडतीमुळे. चारकोपला जमिनीचे लहान लहान तुकडे सोडतीने द्यायचे ठरले होते. नंबर लागलेल्या पस्तीस कुटुंबांचा एक गट, मध्ये मोकळं अंगण, भोवती पस्तीस तुकडे, आणि घर ज्याचं त्याने बांधायचं. अट एकच होती. पस्तीस जणांनी आधी मिळून संस्था स्थापन करायची आणि तिच्या उपविधींवर, म्हणजे नियमांच्या छापील पुस्तकावर, पस्तीसच्या पस्तीस सह्या करून द्यायच्या. पंधरा मार्चच्या आत फाईल गेली नाही तर गट मोडणार आणि सगळे पुढच्या यादीत. पुढची यादी कधी, ते कुणी सांगत नव्हतं.

हे पस्तीस जण एकमेकांना ओळखतही नव्हते. सोडतीने एकत्र आलेले. कुणी घाटकोपरचा गुजराती दुकानदार, कुणी बोरिवलीचा कंडक्टर, कुणी वर्सोव्याची मासे विकणारी बाई, आणि गिरण्या बंद पडल्यावर मिळेल ते काम धरलेले आपले कोकणातले पुष्कळ. काकांना मुख्य प्रवर्तक केलं, कारण ते तसेही घरोघर फिरत होते. मला त्यांच्या मदतीला दिलं, कारण मी एका औषध कंपनीत टायपिस्ट होते आणि चार-पाच जणच आलेल्या पहिल्या बैठकीला सगळ्यांच्या पत्त्यांची यादी करून नेली होती.

मला घाई होती, आणि तिचं कारण होतं माझी तीन वर्षांची मुलगी. जोगेश्वरीला एका खोलीत आम्ही सात जण. मिस्टर ट्रॉम्बेला रात्रपाळीवर, ते दिवसा झोपायचे. मुलगी रडली की सगळ्यांची झोप जायची, म्हणून तिला सावंतवाडीला माझ्या आईकडे ठेवलं होतं. दिवाळीत गेले तेव्हा ती मला बघून आजीच्या पदराआड गेली. त्यानंतर मी ती फाईल उशाशी घेऊन झोपत असे.

तो शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा हिवाळा. एकामागून एक दोन पाहुण्या टीम आल्या होत्या आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत घरोघर क्रिकेटच चालू होतं. मी म्हटलं, "काका, रविवारी मॅच असली की लोक बोलायला तयार नसतात. आपण मॅच नसेल ते दिवस धरू."

"मॅच नसेल तर आपण कोण त्येंचे?" काका म्हणाले. "दोन अनोळखी माणसं फाईल घेऊन दारात. मॅच असली तर निदान स्कोअर विचारूक येता."

पहिल्या रविवारी माझ्या यादीत पाच घरं होती. झाली दोन. त्यातलं एक घाटकोपरच्या शांतिलालभाईंचं. त्यांचं स्टोव्हच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि ते फाईल बघूनच सावध झाले होते. काउंटरवर रेडिओ. काका काउंटरला न टेकता उभे राहिले. "शेठ, स्कोअर काय?"

"एकसो सत्तर पे तीन."

"तिसरा कोण गेला?"

शांतिलालभाईंनी नाव सांगितलं, कसा गेला तेही सांगितलं. काका म्हणाले, "आणि आता खेळतंय कोण?" त्याचंही उत्तर आलं. मग काका गप्प. मी फाईल उघडायला लागले तशी त्यांनी माझ्या हातावर हलकेच बोट ठेवलं. पुढे मला कळलं की हे तीन प्रश्न याच क्रमाने ठरलेले होते, आणि कुणालाही विचारता येतील असे होते. त्यांना काही माहीत असावं लागत नाही, आणि उत्तर देणाऱ्यालाही आपली परीक्षा घेतली जातेय असं वाटत नाही.

फाईल कधी काढायची याचंही त्यांचं एक गणित होतं. रेडिओवर कॉमेंट्री थोडा वेळ हिंदीत आणि थोडा वेळ इंग्रजीत असे. माईक हिंदीकडून इंग्रजीकडे गेला, की हिंदीवाल्यांचं लक्ष जरा सुटायचं. तेव्हा काका हळूच म्हणत, "त्या चारकोपच्या कामासाठी इलो होतो." विकेट पडली तर मात्र कितीही वेळ गेला तरी कामाचं बोलायचं नाही. "त्येंचो माणूस गेलो हा आणि आपण सही मागायची?" लंचची चाळीस मिनिटं सगळ्यात चांगली. त्या वेळी लोक आपणहून खुर्ची देत.

शांतिलालभाईंनी त्या दिवशी एकदम विचारलं, "काका, बोलो, इसको टीम में क्यों रखा है? किसका भांजा है?"

माझ्या मनात आलं, आता काहीतरी ठोकून द्यायला हवं. काका म्हणाले, "शेठ, मुझे क्रिकेट का कुछ समझता नहीं. मैं स्कोअर पूछता हूँ, बस. लेकिन एक बात बताओ, बॉलर बदलते कब हैं? ये तेज वाला अच्छा डाल रहा था, उसको क्यों हटाया?"

शांतिलालभाई काउंटरमागून बाहेर आले. चेंडू नवा असताना चकाकी असते, तेव्हा वेगवान गोलंदाज. चकाकी गेली, शिवण मऊ झाली, खेळपट्टी घासली गेली की स्पिनर. हे त्यांनी एका पितळी बर्नरवर बोट फिरवून समजावलं. काका मान हलवत होते, पण जिथे कळलं नाही तिथे थांबवत होते. "शिवण मऊ झाली तर काय होता?" तासाभराने आम्हाला सही मिळाली आणि दोन कप चहा.

काकांचं खरं कसब पुढच्या घरी दिसलं. मुलुंडला एका गिरणी कामगाराच्या घरी चेंडूचा विषय निघाला, तेव्हा ते म्हणाले, "घाटकोपरचे शांतिलाल शेठ आहेत आपल्याच गटात, ते सांगत होते, चकाकी गेल्यावर स्पिनर आणतात." ऐकलेली गोष्ट त्यांनी कधी स्वतःची म्हणून सांगितली नाही. ज्याची त्याच्या नावाने. स्कोअरही तसाच. कुणी विचारला तर, "दोनशे बारावर चार, पण ही सव्वाअकराची बातमी, आता शिळी झाली असेल." मी एकदा वैतागून म्हटलं, दोनशे बारा म्हणा आणि मोकळे व्हा. ते म्हणाले, "तेवढ्यात एक गेलो असलो तर? तो माणूस पुढे कुणाक तरी सांगतलो. खोटा पडतलो बिचारो."

याचा परिणाम मला फेब्रुवारीत कळला. एकमेकांना कधी न भेटलेले पस्तीस जण एकमेकांबद्दल बोलायला लागले होते. मुलुंडवाले विचारायचे, "त्या घाटकोपरच्या शेठचं काय म्हणणं आहे या स्पिनरबद्दल?" कंडक्टर विचारायचा, "कांदिवलीच्या त्या पोस्टमनने शतकासाठी नवस बोलला होता, तो फळला का?" सोडतीतल्या कागदावरच्या नावांना आवाज आले होते. मी ज्याला वेळ वाया जाणं म्हणत होते त्यातूनच हे झालं होतं, आणि ते मान्य करायला मला बराच वेळ लागला.

सगळीकडे क्रिकेटच काढायचं असंही नव्हतं. वर्सोव्याच्या पार्वतीबाई बोरिवलीच्या बाजारात मासे घेऊन बसायच्या. काकांनी सवयीने विचारलं, "काय मावशी, शेजारच्या रेडिओवर स्कोअर काय म्हणतात?"

"मला नको सांगू तुझा स्कोअर. पापलेट घेतोस तर बोल, नायतर सावली सोड."

काकांनी सावली सोडली, बांगडे घेतले, आणि बांगडा ताजा कसा ओळखायचा ते विचारलं. पार्वतीबाईंनी कल्ला उघडून दाखवला. त्यानंतर क्रिकेटचं नाव त्यांनी तिथे काढलं नाही. पार्वतीबाईंनी सही केली आणि ओल्या हाताने पानाचा कोपरा भिजवला. फाईलचा तो एकच डाग काकांच्या तेलाचा नव्हता.

मार्च उजाडला तेव्हा चौतीस सह्या झाल्या होत्या. राहिले होते मुलुंडचेच दुसरे एक, परब.

परब आधी गिरणीत होते, आता एका कारखान्यावर वॉचमन. दोनदा काका एकटे जाऊन आले होते. परब त्यांच्याशी छान बोलत, स्कोअर सांगत, आणि कागद निघाला की म्हणत, "बघू." तिसऱ्यांदा जायच्या वेळी काकांना ताप भरला. पंधरा तारखेला बारा दिवस राहिले होते. मी म्हटलं, मी जाऊन येते.

मी तयारीनिशी गेले, आणि इथेच माझं चुकलं. तीन प्रश्न विचारून गप्प राहणं मला कमीपणाचं वाटत होतं. आठवडाभराच्या वर्तमानपत्रांतली खेळाची पानं वाचून मी एका कागदावर सतरा शब्द उतरवून काढले होते: गली, कव्हर, गुगली, नाइट वॉचमन, असे. पाठ केले होते.

परब दारात बाकड्यावर बसून बुटाला पॉलिश करत होते. उंच, बोटं वाकडी झालेली. आत रेडिओ. मी स्कोअर विचारला. मग कोण गेला ते न विचारता मीच म्हणाले, "आज कव्हरला मोकळं सोडलंय वाटतं."

त्यांनी वर पाहिलं. "ऐकता का तुम्ही?"

"हो, रोज."

"मग काल ऐकलं असेल. आपल्या ऑफस्पिनरने दोन गुगल्या टाकल्या, दोन्हीवर विकेट."

"ऐकलं ना," मी म्हणाले. "दुसरी तर फारच सुंदर पडली."

परबांनी ब्रश डबीवर ठेवला. "ताई, गुगली लेगस्पिनर टाकतो. मनगटातून. ऑफस्पिनर बोटांनी फिरवतो, तो कुठून टाकणार? आणि काल एकही विकेट पडली नाही. पावसाने खेळच झाला नाही."

 आतून त्यांची बायको दारापर्यंत येऊन परत गेली.

"मी गिरणीच्या टीमचा कीपर होतो, सोळा वर्षं," परब म्हणाले. "पण ते सोडा. जे माहीत नाही त्याला तुम्ही हो म्हणता. या पुस्तकात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे, की त्यालाही हो म्हणालात?"

हे जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. सह्यांची यादी माझ्याकडे होती, पत्ते होते, तारखा होत्या. ते छापील उपविधी मी वाचलेले नव्हते. कुणीच वाचले नव्हते.

"कागद घेऊन जा," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. परत ब्रश उचलला.

तिथून मी थेट अंधेरीला गेले. काका घोंगडी घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं, माझी सावंतवाडीची मुलगी, पुढची यादी, सगळं एकदम. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुगली म्हणजे काय?"

"मला कुठे माहीत आहे, काका."

"माका पण नाय माहीत. तर मग बाय, आता आपल्याकडे विचारूक एक खरो प्रश्न हा." मग म्हणाले, "खोटा बोललंस ता जाऊन सांग. मी येतंय तुझ्यावांगडा, पण बोलायचा तूच."

"ते दार तरी उघडतील का?"

"तो कीपर आसा. कीपरच्या हातात आपणहून चेंडू दिलंस तर तो टाकून देवचो नाय."

पुढच्या चार संध्याकाळी मी उपविधी वाचले. ऑफिसमधून आल्यावर, जोगेश्वरीच्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसून. ज्या ठिकाणी कळलं नाही तिथे पेन्सिलीने खूण केली. नऊ खुणा झाल्या.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं मुलुंडला गेलो. दिवसाचा खेळ संपला होता, त्यामुळे दाराबाहेर थांबायचं निमित्तही नव्हतं. परबांनी दार उघडलं. मी बसायच्या आधीच म्हणाले, "परबभाऊ, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला क्रिकेट कळत नाही. गुगली हा शब्द मी पेपरात वाचला होता. आणि हे पुस्तक मी तोपर्यंत वाचलं नव्हतं. आता वाचलंय. नऊ ठिकाणी मला कळलेलं नाही."

परब काकांकडे बघून म्हणाले, "हिला तुम्ही शिकवलंत का हे असं बोलायला?"

"नाय ओ. मी फक्त म्हटलंय, गुगली काय ती विचारून ये. माका पण ऐकायची हा."

परबांनी आम्हाला बसायला सांगितलं. मग आत जाऊन बटाटा घेऊन आले.

ती गुगली मला अजून आठवते. उजव्या हातात बटाटा धरून त्यांनी आधी लेगब्रेक दाखवला: मनगट वळतं, चेंडू हाताच्या कडेवरून, तिसऱ्या बोटाने फिरून सुटतो, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅट्समनच्या पायाकडून बाहेर जातो. मग तोच हात, तीच धाव, पण मनगट सुटताना आणखी वळवलं. आता हाताची पाठ बॅट्समनकडे. चेंडू उलटा फिरतो, बाहेरून आत येतो. बॅट्समन बाहेर जाणाऱ्या चेंडूची वाट बघत असतो आणि तो बॅट-पॅडच्या मधून स्टम्पात.

"बॅट्समनला नाही कळली तर तो आउट," परब म्हणाले. "कीपरला नाही कळली तर बायच्या धावा, बॅट न लागताच. मला वर्षभर कळत नव्हती. आमचा लेगस्पिनर होता एक, तो टाकायचा, मी ऑफला जायचो, चेंडू लेगवरून बाउंड्रीला. सगळे म्हणायचे, परब काय झोपला का. मी म्हणायचो, बाउन्स चुकला."

"मग?" काकांनी विचारलं.

"मग एके दिवशी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, मला तुझी गुगली हातातून कळत नाही. मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, आधी का नाही बोललास. तेव्हापासून गुगली टाकायच्या आधी तो टाचेने दोनदा माती उकरायचा."

काकांनी डोकं खाजवलं. "पण ती खूण बॅट्समनने बघितली तर?"

परब पहिल्यांदाच हसले. "हेच आमच्या कॅप्टनने विचारलं होतं. दर मॅचला खूण बदलायचो."

मग ते आपणहून म्हणाले, "गिरणी बंद पडली तेव्हा एक कागद आला. सगळे सही करत होते, मीही केली. विचारायला लाज वाटली. राजीनामा होता तो." एवढं बोलून त्यांनी हात पुढे केला. "आणा ते पुस्तक."

दोन तास आम्ही तिघं त्या पुस्तकावर बसलो. नऊपैकी चार खुणा परबांनीच सोडवल्या. ते सावकाश आणि ओळीवर बोट ठेवून वाचत. पाच राहिल्या. ते म्हणाले, "या विचारून या. मग बघू."  सोमवारी अर्धा दिवस रजा काढून मी निबंधकांच्या कार्यालयात गेले, पाच प्रश्न कारकुनापुढे ठेवले. तीनची उत्तरं त्याने दिली. दोन त्यालाही माहीत नव्हती. तो म्हणाला, "चालतंय हो, कोण बघतंय एवढं."

बुधवारी संध्याकाळी परबांकडे गेलो. मी म्हणाले, "तीन कळली. घर विकायचं झालं तर संस्थेला किती दिवस आधी कळवायचं, आणि अंगणातली झाडं कुणाच्या मालकीची, ही दोन मला माहीत नाहीत. तिथेही कुणाला माहीत नाही." तीनची उत्तरं आणि न कळलेल्या दोन गोष्टी मी एका कागदावर लिहून खाली माझी सही केली होती. परबांनी तो कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पेन मागितलं. सही करताना त्यांची वाकडी बोटं हळूहळू सरकत होती. त्यांची सही पुरी होईपर्यंत काका अंगठ्याने पेरं मोजत होते असं मला वाटलं, पण ते नुसतेच हात चोळत असतील. शुक्रवारी, तेरा तारखेला, फाईल दाखल झाली.

पुढचं सांगायला थोडं आहे. पहिली सभा चारकोपच्या उघड्या जमिनीवर सतरंजी टाकून भरली. लोक एकमेकांना प्रथमच बघत होते, तरी हसून बोलत होते. "तुम्हीच का ते चकाकीवाले शेठ?" "तुम्ही कंडक्टर ना, नो-बॉलवाले?" पार्वतीबाईंनी सगळ्यांना विचारलं, कुणाला सुकट हवी का. अध्यक्ष म्हणून सगळ्यांनी काकांचं नाव घेतलं. काका उभे राहिले आणि म्हणाले, "माका नियम कळनत नाय. परबांक कळतत. ते पुस्तक वाचतत." परब अध्यक्ष झाले, मी सेक्रेटरी. घर उभं राहायला दीड वर्ष लागलं. नीट गिलावाही झाला नव्हता, तेव्हाच मी सावंतवाडीला जाऊन मुलीला घेऊन आले. ती दिवसभर अंगणात असे आणि रडली तर कुणाचीही झोप मोडत नसे.

काका चारकोपच्या आपल्या घरात दोनच पावसाळे राहिले. मशीन दुरुस्तीला निघाले असताना बसस्टॉपवर छातीत दुखलं, शेजारच्या माणसाने दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. त्या माणसाला काकांचं नाव माहीत नव्हतं. त्याने आम्हाला एवढंच सांगितलं, की ते मला स्कोअर विचारत होते.

शोकसभा अंगणातच झाली. रीतीप्रमाणे मी ठरावाचा मसुदा करून नेला होता: 'कुशल कारागीर, मनमिळाऊ शेजारी, क्रिकेटचे गाढे जाणकार.' परबांनी चष्मा लावून वाचला आणि शेवटच्या शब्दांवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"ठरावात असं लिहायची पद्धत असते, परबभाऊ."

"त्याला काय कळायचं नाही क्रिकेटातलं. खोडा ते."

मी खोडलं. "मग त्या जागी काय लिहू?"

परबांनी सगळ्यांकडे पाहिलं. शांतिलालभाई म्हणाले, "लिखो ना, पूछते बहुत थे." कंडक्टर म्हणाला, ज्याचं ऐकलं त्याचं नाव सांगायचे, ते पण लिहा. पार्वतीबाई पदराने नाक पुसत म्हणाल्या, "आनि मी नको बोलल्यावर परत विषय काडला नाय, ते घाल." मी सगळं लिहून घेत होते. परबांनी कागद ओढून घेतला आणि एक वाक्य सांगितलं. तेच ठरावपुस्तकात आहे, माझ्या अक्षरात: 'त्यांना क्रिकेट कळत नव्हते, आणि हे त्यांनी कुणापासूनही लपवले नाही.'

सूचक परब, अनुमोदक शांतिलालभाई. काकांच्या बायकोला, काकूंना, प्रत नेऊन दिली तेव्हा त्यांनी ती मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "खरा लिवलंस गो बाय," आणि मला आत बोलावून चहा टाकला.